कुलूप तीनदा

शंभर टनी पॉवर प्रेसची डाय कशी बदलायची, याची लेखी कार्यपद्धती म्हणजे ‘एसओपी’ बहुतेक कारखान्यांत सापडते. प्रेसशेजारच्या खांबावर, प्लॅस्टिकच्या पाकिटात, तेलाच्या डागांसकट. त्यातलं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘मुख्य स्विच बंद करून कुलूप लावावे.’ शेवटचंही ठरलेलं: ‘काम झाल्यावर कुलूप काढावे.’ मधल्या दहाबारा ओळींत कुठेतरी ‘योग्य ती काळजी घ्यावी’ असतं. कागद नीटनेटका असतो, पण त्याप्रमाणे डाय बदलता येत नाही.

का, ते डाय बदलणाऱ्या सेटरच्या बाजूला उभं राहिलं की कळतं. डायचे दोन भाग असतात. वरचा रॅमला बोल्टने जखडलेला, खालचा बेडला. वरचे बोल्ट सोडवायचे तर रॅम अगदी खाली, दोन्ही भाग एकमेकांवर टेकलेल्या अवस्थेत हवा. नाहीतर वरचा भाग धपकन खाली येईल. बोल्ट सुटले की रॅम वर घ्यायचा, तेव्हाच डाय बाहेर ओढता येते. नवी डाय आत गेली की रॅम पुन्हा खाली. म्हणजे कामाच्या मध्यात दोनदा रॅम हलवावा लागतो, आणि रॅम हलवायला वीज लागते. सुरुवातीला लावलेलं कुलूप सेटर पहिल्यांदा रॅम हलवताना काढतो आणि पुन्हा लावत नाही, कारण ‘पुन्हा लाव’ असं कागदावर कुठेच नाही. दोष टेबलाशी बसून कागद लिहिणाऱ्याचा आहे.

म्हणून एसओपीचा पहिला मसुदा वहीपेन घेऊन मशीनपाशी लिहावा. सेटर हाताने काय करतो ते एकेक क्रिया म्हणून टिपायचं, एका क्रमांकाला एक क्रिया. आणि प्रत्येक क्रिया पूर्ण झाली हे कशावरून ओळखायचं, तेही तिथेच. ‘मोटर बंद करा’ एवढं पुरत नाही. मोटर बंद झाली तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं, आणि त्यातल्या जोरावर रॅम एक पूर्ण फेरा मारू शकतो. त्यापेक्षा फ्लायव्हीलच्या कडेवर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढावा आणि लिहावं: ‘मोटर बंद करा. जाळीतून पांढरा पट्टा स्थिर दिसेपर्यंत थांबा.’ आता ते कुणालाही दुरून तपासता येतं.

अशा टिपणातून आमच्यासारख्यांनी लिहिलेल्या एका मसुद्याचा मधला भाग असा होता:

४. सेटर: रॅम ‘इंच’वर, म्हणजे बटण दाबू तेवढाच, वर घ्या. मोटर बंद. पट्टा स्थिर. कुलूप लावा, चावी खिशात.
५. सेटर: रॅम आणि बेड यांच्यामध्ये सेफ्टी ब्लॉक उभा करा.
६. सेटर व हेल्पर: खालचे बोल्ट सोडा, जुनी डाय बाहेर काढा.
७. सेटर: नव्या डायची बंद उंची मोजा. रॅमचा स्क्रू फिरवून प्रेसची उंची त्यापेक्षा ५ मिमी जास्त ठेवा.

यातल्या सातव्या पायरीवर थोडं थांबायला हवं. जुनी डाय बंद अवस्थेत २७० मिमी उंच आणि नवी २८५. प्रेसची उंची आधीचीच ठेवून सेटरने रॅम खाली आणला, तर १५ मिमी पोलाद जाणार कुठे? प्रेस तळाशी घट्ट अडकते, नाहीतर काहीतरी तुटतं. म्हणून आधी २९०, मग रॅम खाली, कुलूप, आणि उरलेली फट स्क्रूने हलकेच मिटवायची. शेवटची खोली पहिल्या तुकड्यावरून ठरते. पहिल्या मसुद्यात ‘डायवर ठोकलेली उंची वाचा’ असं होतं. सेटरने ते खोडलं. त्याचं म्हणणं, धार लावून लावून डाय बुटकी होते, ते चालतं; पण कुणी खाली पॅकिंगची पट्टी घातली की ती उंच होते, आणि ठोकलेला आकडा खोटा ठरतो. म्हणून ‘वाचा’च्या जागी ‘मोजा’ आलं.

अशा रीतीने कुलूप तीनदा लागतं: वरचे बोल्ट सोडताना, डाय काढता-घालताना, आणि नव्या डायचे बोल्ट आवळताना. तीनदा पट्टा थांबायची वाट पाहायची. उत्पादनवाले कुरकुरतात आणि ते चूकही नाहीत. पण त्यावरचा उपाय फ्लायव्हीलला ब्रेक बसवणं हा आहे. शिवाय नवी डाय, बोल्ट, पाने हे सगळं जुना माल चालू असतानाच प्रेसपाशी आणून ठेवता येतं. जपानचे शिगेओ शिंगो यांनी १९६९च्या सुमारास टोयोटात हजार टनी प्रेसच्या डायबदलाचा चार तासांचा वेळ आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला, त्याचं मर्म हेच होतं: मशीन थांबवून करायची कामं आणि चालू असताना करता येणारी कामं वेगळी काढायची.

जबाबदारीच्या रकान्यात एकच हुद्दा असावा. ‘संबंधितांनी’ हा शब्द तर दिसताक्षणी खोडावा. सहाव्या पायरीत दोघं आहेत, कारण डाय एकट्याने निघत नाही. पण तिथे दोघांचीही कुलपं लागतात. एकाच स्विचवर अनेक कुलपं अडकवता येतील अशी कडी मिळते. हेल्परचं कुलूप निघत नाही तोवर सेटरला वीज देता येत नाही.

मसुद्यातला सगळ्यात अवघड भाग अपवादांचा, आणि तोच बहुधा कोरा असतो. रात्रपाळीत क्वालिटी इन्स्पेक्टर नसेल तर पहिला तुकडा कोण पास करणार? आम्ही लिहिलं: शिफ्ट सुपरवायझर गेजने तपासेल, पण माल ‘होल्ड’च्या पेटीत राहील आणि सकाळी इन्स्पेक्टरची सही होईपर्यंत पुढे जाणार नाही. मध्येच वीज गेली तर? स्विच बंद, कुलूप, ब्लॉक. वीज आल्यावर रॅम कुठे आहे ते पाहून आधी सुपरवायझरला बोलवायचं. सेटर रजेवर असेल तर? फळ्यावरच्या यादीतला दुसरा सेटर; तोही नसेल तर प्रेस उभी राहील.

शेवटचं वाक्य लिहिताना सगळ्यात जास्त वाद झाला. अपवादाला परवानगी कोणाची, किती वेळापुरती, आणि ती कुठे लिहायची, हे प्रत्येक ठिकाणी ठरलं. पण कुलूप आणि ब्लॉक या दोघांपुढे आम्ही लिहिलं: ‘अपवाद नाही. परवानगी देण्याचा अधिकार कोणालाही नाही.’ रात्री दोनला वरिष्ठांचा फोन आला, तर सेटरला बोट ठेवायला ओळ हवी.

सेफ्टी ब्लॉकबद्दल एक खुलासा आवश्यक. तो रॅमचं वजन पेलतो. फिरत्या फ्लायव्हीलला अडवण्यासाठी तो नसतो. चांगल्या प्रेसवर ब्लॉकला साखळीने एक प्लग बांधलेला असतो. ब्लॉक जागेवरून उचलायचा तर प्लग काढावाच लागतो, आणि प्लग निघाला की मोटर चालू होत नाही.

मसुदा मराठीत झाला, मग हिंदीत, कारण निम्मे हेल्पर उत्तर प्रदेश-बिहारचे. मग चाचणी. ही डाय कधीच न बदललेल्या एका सेटरच्या हाती कागद दिला आणि आम्ही दोन हात लांब, गप्प उभे राहिलो. तो सातव्या पायरीपर्यंत सरळ आला. मग थांबला, बेडकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘साहेब, उंची मोजायची कशाने? टेपने की उंची-गेजने?’ गेज टूलरूममध्ये, कुलपात होता. सातवी पायरी पुन्हा लिहिली, आणि गेज आणून ठेवण्याचं काम पहिल्या पायरीच्याही आधी गेलं.