बाबा आता चालतात, हे त्यांना कळवा

पोट उघडून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण घरी जातो, तेव्हा त्याच्यासाठी झटलेल्या बहुतेकांचा त्याच्याशी संबंध संपतो. आयसीयूतल्या सिस्टरांनी त्याला पाहिलेलं असतं ते तोंडात नळी असताना. भूलतज्ज्ञांची आणि कुटुंबाची ओळख सहीपुरतीच होते. ओपीडीत पुढे भेटतात ते सर्जन. त्यामुळे घरच्यांच्या आभारपत्रात या सगळ्यांना एक गोष्ट हवी असते: पुढे काय झालं? ‘तुम्ही देवासारखे धावून आलात’ हे मनापासूनच लिहिलेलं असतं, पण त्यातून ते कळत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साठीतल्या गृहस्थांच्या लहान आतड्याला छिद्र पडलं, आतली घाण पोटात पसरली आणि रातोरात ऑपरेशन करावं लागलं. पोट धुतलं, आतड्याचा खराब भाग काढला. पण जंतुसंसर्ग झालेल्या पोटात लगेच जोडलेलं आतडं गळण्याचा धोका मोठा असतो, म्हणून आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून त्यावर पिशवी लावली. याला स्टोमा म्हणतात. काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून आतडं पुन्हा जोडलं. त्यांच्या मुलीचं पत्र असं सुरू होऊ शकेल:

‘आदरणीय डॉक्टर आणि शस्त्रक्रिया विभागातील सर्वजण, सादर नमस्कार. पोटावरची पिशवी पाहून आई खचली होती. सर, तुम्ही केसपेपरच्या मागे आतड्याचं चित्र काढून दाखवलंत, आणि त्याच दिवशी जोडलं असतं तर काय होऊ शकलं असतं तेही सांगितलंत. तो कागद आम्ही जपून ठेवला आहे. नातेवाईक विचारायचे, तेव्हा आई तोच दाखवायची.’

इथे कौतुकाचं विशेषण एकही नाही. तरीही समजावण्यात घालवलेली पाच मिनिटं घरी महिनोन्‌महिने उपयोगी पडली, हे सर्जनना कळतं. पुढच्या रुग्णाच्या वेळीही ते चित्र काढतील.

पत्रात जास्त जागा द्यावी ती घरच्या काळाला, कारण तो रुग्णालयाने पाहिलेलाच नसतो. लहान आतड्यातून येणारा मल पातळ असतो आणि त्यातले पाचकरस कातडी जाळतात. पिशवीच्या चकतीचं भोक स्टोमाच्या मापाचंच कापावं लागतं. सुरुवातीची सूज उतरते तसा स्टोमा पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत आकसतो. माप जुनंच राहिलं, की मध्ये उघडी राहिलेली कातडी लाल होते, ओलसर होते, आणि मग चकती चिकटतच नाही. म्हणून मुलगी लिहील:

‘सिस्टर, दर आठवड्याला माप घ्या, असं तुम्ही बजावलं होतंत. महिन्याभराने पिशवी गळू लागली, तेव्हा ते आठवलं. माप घेतलं तर स्टोमा लहान झालेला. भोक लहान कापलं आणि चार दिवसांत कातडी सुधारली. एकदा पिशवी फारच भरभरून येऊ लागली, बाबांची लघवी कमी झाली, जीभ कोरडी पडली. नुसतं पाणी पाजत बसू नका, मीठ-पाणी कमी झालंय असं समजून लगेच या, हे तुमचं सांगणं ऐकून आम्ही तडक आलो.’

सिस्टरांनी शिकवलेलं घरी खरोखर चाललं का, याचं उत्तर त्यांना इतक्या नेमकेपणाने क्वचितच मिळतं. मला हा पत्राचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

वाईट दिवस गाळू नयेत. जखमेत पू झाला होता, बाबा आयसीयूत भ्रमात नळ्या ओढत होते, हेही यावं. ‘रात्रपाळीच्या सिस्टर दर वेळी त्यांना वार, वेळ आणि गावाचं नाव सांगत होत्या’ हे वाक्य त्या भ्रमाशिवाय लिहिताच येणार नाही. खोकताना पोटाशी उशी धरायला शिकवणारे फिजिओथेरपिस्ट, एक्स-रेला नेताना सलाईनची बाटली सांभाळणारे वॉर्डबॉय, बेडपॅन देणाऱ्या मावशी यांची नावं वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांना विचारून घ्यावीत. तक्रार असेल, तर तिचं पत्र वेगळं असावं. आभारात मिसळलेल्या तक्रारीकडे कोणी नीट पाहत नाही, आणि आभारही उणे होतात.

शेवटी आजची स्थिती: ‘आतडं जोडल्यावर सुरुवातीला दिवसातून सहा-सात वेळा जावं लागायचं, आता दोनदा. बाबा भाकरी खातात आणि बाजारातून भाजी आणतात. कळावे, लोभ असावा.’

पत्र लिहिण्याआधी रुग्णाला विचारावं, कारण आजार त्याचा आहे. वर भरतीची तारीख आणि नोंदणी क्रमांक टाकला, तर विभागाला रुग्ण आठवतो. फेसबुकवर टाकण्यापेक्षा पत्र हातात द्यावं. आपल्या शस्त्रक्रियांची जाहिरात डॉक्टरांनी करू नये, असे 2002 चे व्यावसायिक आचारनियम सांगतात. जाहीर कौतुकाने त्यांची अडचण होऊ शकते. एक प्रत मेट्रनकडे द्यावी. सर्जनच्या टेबलावरचं पत्र रात्रपाळीपर्यंत पोचेलच असं नाही, मेट्रनकडून मात्र ते वॉर्डात वाचलं जाण्याची शक्यता जास्त असते.