फ्लशच्या टाकीला घाम फुटतो तेव्हा

न्यू जर्सीतलं एक जुनं घर धरा. जुलै महिना, एसी नाही किंवा बिल वाचवायला बंद, खिडक्या सताड उघड्या, आणि पुण्याहून आई-बाबा मुक्कामाला आलेले. दोन-तीन दिवसांत टॉयलेटमागची फरशी ओली दिसायला लागते. फरशी पुसली तरी तासाभरात पुन्हा ओली. पहिला संशय जातो टाकी फुटल्याचा, आणि प्लंबरला फोन लागतो.

फोन लावण्याआधी टाकीवरून हात फिरवावा. घाम असेल तर चिनी मातीच्या बाहेरच्या बाजूने सगळीकडे बारीक थेंब लागतात, पण फक्त आतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत. त्याच्या वरचा पट्टा बहुधा कोरडा असतो. गळती असेल तर पाणी ठरावीक जागेवरूनच येतं: टाकी भांड्याला जोडणारे बोल्ट, मधला रबरी वायसर किंवा खालच्या नळीची चकती. तरी शंका राहिली, तर टाकीत खाण्याचा गडद रंग टाकावा, फरशी पुसून कोरडी करावी आणि अर्धा तास फ्लश करू नये. फरशीवर रंगीत थेंब पडले तर टाकी किंवा तिचे जोड गळताहेत. बिनरंगी पडले आणि खालची नळी व तिची चकती कोरडी असेल, तर तो हवेतला ओलावा.

तिकडे जमिनीखालून येणारं पाणी चांगलंच गार असतं. विहिरीचं असेल तर भर उन्हाळ्यातही १२-१३ अंशांच्या आसपास. उलट बाथरूमची हवा २७ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू साधारण २१ अंशांवर येतो, म्हणजे त्याहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर तिच्यातली वाफ पाणी होऊन बसणार. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीचं होतं तेच. मुंबईत हा प्रकार क्वचित दिसतो, कारण गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हवेइतकंच कोमट असतं, आणि फ्लशची टाकीही बहुतेक प्लास्टिकची.

आता आई-बाबांचा संबंध. एकदा भरलेलं पाणी काही तासांत खोलीच्या तापमानाला येतं आणि घाम थांबतो. घरात माणसं वाढली की टाकी सारखी रिकामी होते आणि दर वेळी सहा लिटर गार पाणी नव्याने आत येतं. पण पाहुणे नसतानाही टाकी दिवसभर घामेजलेली असेल, तर तळाचं रबरी झाकण, म्हणजे फ्लॅपर, तपासा. ते झिजलं की पाणी गुपचूप भांड्यात झिरपत राहतं आणि टाकी सतत गार पाण्याने भरत राहते. वरच्याच चाचणीत रंग भांड्यात उतरलेला दिसला, की समजायचं. फ्लॅपर बदलणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय, आणि माझ्या मते सुरुवात इथूनच करावी.

दुसरा उपाय हवेचा. एसी लावून घर २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेवर आणलं तर दवबिंदू १३ अंशांपर्यंत उतरतो आणि घाम जवळपास संपतो. आंघोळीची वाफ काढायला एक्झॉस्ट पंखा हवाच. पण बाहेर दमट हवा असताना खिडकी उघडी ठेवून तो तासन्‌तास चालवला, तर बाहेरचा ओलावाच आत ओढला जातो.

टाकीला आतून फोमचं अस्तरही लावता येतं. त्याचे तयार संच मिळतात. खालचा नळ बंद करून टाकी रिकामी करायची, उरलेलं पाणी स्पंजने टिपायचं आणि टाकी पूर्ण सुकू द्यायची. इथे घाई नडते, कारण ओलसर भिंतीवर गोंद धरत नाही आणि सुटलेला फोम फ्लॅपरखाली अडकतो. तुकडे कापताना फ्लोटच्या वाटेत काही येत नाही ना, ते पाहायचं. गोंद पूर्ण सुकल्यावरच पाणी सोडायचं. अर्थात खालच्या नळीला येणारा घाम अस्तराने थांबत नाही. टाकीवर चढवायचं टॉवेलचं कव्हर मात्र निरुपयोगी. ते भिजतं आणि त्याला बुरशी येते.

एवढं करूनही भागलं नाही, तर गार पाण्यात थोडं गरम मिसळणारा व्हॉल्व्ह बसवतात. १२ अंशांच्या पाण्यात ५० अंशांचं मिसळून २२ अंशांचं सहा लिटर हवं असेल, तर दर फ्लशला दीड लिटरहून थोडं जास्त गरम पाणी लागतं. म्हणजे फ्लशसाठी पाणी तापवायचं, आणि त्याचं बिलही भरायचं! शिवाय गीझर लांब असेल तर नळीत साठलेलं पाणी आधीच निवलेलं असतं, त्यामुळे टाकीत गरम असं फारसं पोचतच नाही. हे काम प्लंबरकडूनच करून घ्यावं, आणि उलटा प्रवाह रोखणारी झडप बसवली का, ते आवर्जून विचारावं. नाहीतर गरम पाणी गार पाण्याच्या पाइपात शिरतं.