पंखा फिरतोय गरागरा, सांधा दिसतोय का जरा?

न संपणारं ॲनिमेशन रीलच्या आधीपासून आहे, माहीत आहे का? 1830च्या दशकात बेल्जियमच्या जोसेफ प्लॅटो यांनी गोल चकतीवर चित्रं काढून ती आरशासमोर फिरवली. चकतीला टोकच नाही, मग लूप तुटणार कुठे?

आपल्या टाइमलाइनला मात्र टोक असतं आणि घोळ तिथेच होतो. समजा, ब्लेंडरमध्ये तीन पात्यांचा पंखा फिरवायचाय, सेकंदाला 24 फ्रेम. किती फिरवाल? 360 अंश? छे! तिन्ही पाती सारखी असतील तर 120 अंशांतच चित्र जुळतं. म्हणजे 24 फ्रेम, दर फ्रेमला 5 अंश, एका सेकंदात काम फत्ते!

आता गंमत. कीफ्रेम 1 आणि 25 वर लावायच्या, पण रेंडर 24 वरच थांबवायचा. शेवटची फ्रेम पहिलीसारखी हुबेहूब नको, तिच्या एक पाऊल मागे हवी! 25वी घेतलीत तर तेच चित्र लागोपाठ दोनदा येतं आणि पंखा दर फेरीला किंचित अडखळतो.

अडखळत नाही, पण दर फेरीला दमल्यासारखा मंदावतो? दोष ईझिंगचा. ब्लेंडर सहसा सुरुवात-शेवट आपणहून मऊ करतो. कीफ्रेम निवडा, T दाबा, Linear करा. फॅन खूश, फॅन्सही खूश!

एका पात्यावर स्टिकर चिकटवलाय? मग सवलत रद्द. पूर्ण 360 अंश, म्हणजे 72 फ्रेम. मागे पडदा हलवायची हौस असेल तर त्याचं एक झुलणं 72, 36 किंवा 24 फ्रेमचं ठेवा. 50चं ठेवलंत तर पंखा गुळगुळीत आणि पडदा मात्र टुणकन उडी मारणार. आणि हो, पडद्याला ते मऊ ईझिंग शोभतं. टोकाला पोचून परत फिरताना तो खरंच मंदावतो ना!

सांधा पकडायची युक्ती? क्लिप मधोमध कापा आणि दोन्ही अर्ध्यांची अदलाबदल करा. लपलेला जोड थेट मध्यभागी येतो. तिथे हिसका दिसला, की चोर सापडला.

जिफच्या पोटात एका जुन्या ब्राउझरचं नाव दडलंय, माहीत आहे का? सतत फिरणाऱ्या जिफ फाइलमध्ये आजही NETSCAPE2.0 अशी अक्षरं सापडतात. पुढे फेऱ्यांचा आकडा असतो आणि 0 म्हणजे चक्क अनंत!

आणि पंख्याचा वेग वाढवून दर फ्रेमला 115 अंश केलात तर? मोशन ब्लर बंद असेल, तर आपला बिनस्टिकरचा पंखा चक्क उलटा फिरताना दिसेल, दर फ्रेमला 5 अंश. लूप तरीही चोख!