प्रवेश रद्द, फीचं काय?

समजा, एका मुलीने बीएस्सीला ६२ हजार रुपये भरून प्रवेश घेतला. त्यात २ हजार अनामत. नंतर दुसरीकडे नंबर लागला. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत यूजीसीचा २०१८चा परतावा तक्ता छापलेला आहे आणि प्रवेशाची जाहीर शेवटची तारीख १० ऑगस्ट आहे.

त्या तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत अर्ज केला, तर ८० टक्के फी परत. त्यापुढे तिसाव्या दिवसापर्यंत ५० टक्के. मग काहीच नाही. अनामत मात्र पूर्ण परत मिळते. म्हणजे १७ ऑगस्टच्या अर्जावर ४८ हजार आणि अनामत, एकूण ५० हजार. तोच अर्ज २७ ऑगस्टला गेला, तर ३२ हजार.

गोची इथेच होते. "साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या," असं खिडकीवर सांगतात आणि पालक निमूटपणे परततात. तोंडी सांगितल्याचा पुरावा राहत नाही. त्याच दिवशी लेखी अर्ज आवक-जावक विभागात द्यावा, आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा आणि ईमेलही करावा. अर्जात पावती क्रमांक, शेवटची तारीख, पुस्तिकेतलं कलम, मागणीची रक्कम आणि बँक खातं असावं; कारणांचं पाल्हाळ नको.

अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. ते आले नाहीत, तर आधी कॉलेजच्या तक्रार निवारण समितीकडे आणि मग यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तीच शिक्क्याची प्रत जोडून तक्रार करता येते.