राउटरचं मागचं दार

आई-वडील साताऱ्यात, मुलगा पुण्यात. वायफायचा पासवर्ड बदलायचा म्हटलं तरी दर वेळी गावी जावं लागतं. म्हणून तो एका भेटीत राउटरचं पान (बहुतेकदा 192.168.0.1 किंवा 192.168.1.1) उघडतो, 'Remote Management' चालू करतो आणि पोर्ट म्हणून 8080 भरतो. कोणत्या पत्त्यावरून प्रवेश द्यायचा, या रकान्यात 'सर्व' असं निवडतो. आता पुण्यातून साताऱ्याच्या कनेक्शनचा पत्ता आणि पुढे :8080 टाइप केलं की तेच लॉगिनचं पान उघडतं.

मात्र ते जगात कुणालाही उघडता येतं. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही4 चे, एकूण पत्ते साधारण 430 कोटी. झेडमॅप या प्रोग्रॅमने 2013 मध्येच दाखवून दिलं की वेगवान कनेक्शन असलेला एकच संगणक यातला वापरातला सगळा भाग एका पोर्टसाठी पाऊण तासात धुंडाळू शकतो. त्यामुळे 8080 ऐवजी भलताच आकडा घातला, तरी फार तर थोडा वेळ मिळतो.

पासवर्ड भक्कम आहे, मग काय बिघडतंय, असं अनेकांना वाटतं. मला सगळ्यात जास्त काळजी याच समजुतीची वाटते. राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा त्रुटी सापडतात की पासवर्ड विचारला जाण्याआधीच आत शिरता येतं. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने नेमका हाच इशारा दिला. लिंक्सिसच्या E1200, E2500 यांसारख्या जुन्या मॉडेलना कंपनीकडून सुधारणा मिळणं थांबलेलं होतं. त्यातल्या ज्यांचं रिमोट व्यवस्थापन चालू होतं, त्यांत 'द मून' नावाचा घातक प्रोग्रॅम घुसवला जात होता आणि त्या घरांची कनेक्शनं गुन्हेगारांना भाड्याने दिली जात होती. गुन्हा दुसऱ्याचा, पण पत्ता त्या घराचा.

घरच्यांना हे सहसा कळत नाही, कारण नेट चालूच असतं. राउटरच्या पानावर डीएनएसचे पत्ते आपण न बदलता बदललेले दिसले, तर मात्र संशय घ्यावा. तसं झालं असेल, तर बँकेचं नाव टाइप केल्यावर भलतीच साइट उघडू शकते.

आपल्याकडे काही कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरच्या पानावर 100.64 ते 100.127 ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर आयपीव्ही4 वरून हे दार बाहेरून उघडतच नाही. आयपीव्ही6 चालू असेल, तर मात्र एवढ्यावर विसंबू नये.

या मुलासाठी सोपा मार्ग असा: सोय बंद ठेवायची आणि गरज पडली की आईने घरातल्या फोनवर राउटरचं पान उघडायचं, मुलाने फोनवरून काय दाबायचं ते सांगायचं. वारंवार लागत असेल, तर राउटरमध्येच व्हीपीएन सर्व्हर असलेला नमुना घ्यावा.

बंद केल्यावर खात्रीही करावी. मोबाइलचं वायफाय बंद करून, सिमच्या डेटावर, घरचा पत्ता आणि तोच पोर्ट टाकून पाहावा. लॉगिनचं पान आलं, तर सेटिंग जतन झालेलं नाही.