हातचा एक म्हणजे किती?

चौथीतल्या मुलांना उभ्या मांडणीची बेरीज बहुधा येते. ४७ आणि ३८ एकाखाली एक लिहायचे, सात आणि आठ पंधरा, पाच खाली, हातचा एक वर. चार आणि तीन सात, हातचा धरून आठ. उत्तर ८५. शिकवणीला येणाऱ्या दहा वर्षांच्या एका मुलीने हे गणित पटकन सोडवून वही पुढे सरकवली. तिच्या ताईंनी शाबासकी दिली आणि चारच्या डोक्यावरच्या छोट्या एकावर बोट ठेवून विचारलं, "हा एक किती?"

"एक म्हणजे एकच, ताई."

ताईंनी काड्या काढल्या. दहा-दहाचे गठ्ठे रबरबँड लावून बांधलेले, बाकीच्या सुट्या. मुलीने एका बाजूला चार गठ्ठे आणि सात काड्या ठेवल्या, दुसऱ्या बाजूला तीन गठ्ठे आणि आठ काड्या. मग सगळ्या एकत्र केल्या. सात गठ्ठे, पंधरा सुट्या.

"आता वहीत केलंस तसंच इथे कर."

तिने पंधरातल्या पाच काड्या बाजूला ठेवल्या, एक काडी उचलली आणि गठ्ठ्यांशेजारी ठेवली. "हा हातचा."

"मोज बघू."

"सत्तर... आणि पाच... आणि ही एक. शहात्तर." ती थांबली. "पण उत्तर तर पंच्याऐंशी आहे."

"मग या उरलेल्या काड्या कुणाच्या?"

मुलीने त्या मोजल्या. नऊ भरल्या. वहीतली बेरीज बरोबर होती, तरी काड्यांत नऊ कमी पडत होत्या. तिने हातच्याची ती एक काडी आणि या नऊ एकत्र केल्या, न सांगता रबरबँड लावला आणि गठ्ठा सातांच्या शेजारी ठेवला. "हा एक दहाचा आहे!"

ताईंनी लगेच होकार दिला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी विचारलं, "गठ्ठा बांधल्यावर काड्या वाढल्या की कमी झाल्या?"

"तेवढ्याच आहेत."

"मग गठ्ठा बांधायच्या आधी बेरीज झाली होती की नव्हती?"

इथे मुलीला वेळ लागला, आणि लागायलाच हवा. सगळ्या काड्या एकत्र आल्या तेव्हाच बेरीज झाली होती. सात दशक आणि पंधरा एकक हे पंच्याऐंशीच आहेत. अडचण फक्त लिहिण्याची आहे. आपल्या पद्धतीत एका घरात एकच अंक मावतो, नऊपर्यंत. पंधरा तसेच लिहिले तर ७१५ होतात, आणि अशी उत्तरं मुलांच्या वह्यांत खरोखर सापडतात. म्हणून पंधरातल्या दहा एककांचं एक दशक करून ते शेजारच्या घरात द्यायचं. हातचा म्हणजे एवढी नवी बांधणी. संख्येत त्याने काहीच वाढत नाही.

हे एकदा कळलं की उजवीकडूनच सुरुवात करायला हवी, हा नियमही सैल होतो. ४७८ आणि ३५६ ही बेरीज त्या मुलीने डावीकडून केली: सात शतक, बारा दशक, चौदा एकक. मग चौदातलं एक दशक पुढे दिलं. दशक तेरा झाले, त्यांतल्या दहांचं एक शतक झालं. उत्तर ८३४. उजवीकडून सुरुवात केली की लिहिलेला अंक पुन्हा खोडावा लागत नाही, ही सोय आहे.

काड्यांऐवजी दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी वापरली तर? चालतात, पण नंतर. गठ्ठा सोडला की आतल्या दहा काड्या दिसतात. नोटेत दहा नाणी दिसत नाहीत, ती मानून घ्यावी लागतात.

मुलीला खरंच समजलं का, हे पाहायला ताईंनी शेवटी वेगळंच गणित दिलं. २ तास ४५ मिनिटं आणि १ तास ३८ मिनिटं.

तिने दहाचा हातचा धरून मिनिटं मिळवली. "तीन तास त्र्याऐंशी मिनिटं."

"चूक आहे?"

"चूक नाही..." ती पुटपुटली. "पण असं कोणी म्हणत नाही. साठ मिनिटांचा एक तास बांधायचा. उरली तेवीस. चार तास तेवीस मिनिटं."

गठ्ठा इथे दहाचा नव्हता, साठचा होता, आणि तो तिने स्वतः ओळखला. पाठ केलेली कृती इथे कामी आली नसती.

घरी मुलाची वही तपासताना बरोबर आलेल्या उत्तरापाशी थांबू नका. वरच्या त्या छोट्या एकावर बोट ठेवा आणि किती ते विचारा. दशकाच्या घरावरचा असेल तर "दहा", शतकाच्या घरावरचा असेल तर "शंभर" असं उत्तर यायला हवं. नुसतं "एक" आलं, तर वही मिटा आणि काड्या काढा.