अरमंडीत घ्यायचं माप

भरतनाट्यमच्या पोशाखातला पुढचा पंखा उभ्या नर्तकीच्या अंगावर जेमतेम दिसतो. ती अरमंडीत बसली, टाचा जुळलेल्या ठेवून गुडघे दोन्ही बाजूंना उघडले, की मिटलेल्या निऱ्या सुटतात आणि दोन गुडघ्यांमधली मोकळी जागा काठाच्या जरीने भरून निघते. या नृत्याचा बहुतेक भाग याच बैठकीत होतो. तरीही पोशाखाचं माप बहुधा मुलीला सरळ उभं करून घेतलं जातं. गेल्या दीडशे वर्षांत हा पोशाख नेसण्याकडून शिवण्याकडे आणि शिवण्याकडून तयार मिळण्याकडे सरकला. या प्रवासात कापड, जरी, दागिने सगळं बदललं. पण माझ्या मते खरं नुकसान झालं ते माप बैठकीपासून तुटल्यामुळे.

या प्रवासाचा आरंभ मराठी वाचकाला परका नाही. आज भरतनाट्यमच्या मंचावर दिसणारा क्रम ज्या तंजावर बंधूंनी बसवला, ते दुसऱ्या सरफोजी भोसल्यांच्या दरबारचे. १८८० मध्ये तंजावरची राजकन्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची राणी झाली, तेव्हा तिच्यासोबत तंजावरच्या नर्तकी आणि नट्टुवनारही बडोद्यात आले. गौरा आणि कांतिमती या त्यांतल्या दोघी. त्या परंपरेतल्या नर्तकी पायजम्यावर साडी नेसत आणि तिचा एक भाग निऱ्या करून पुढे सोडत. इथे शिवण नसे, गाठ आणि खोचणं असे. नेसलेलं कापड अंगावरच बसवलं जातं, त्यामुळे बैठकीला किती सैल सोडायचं हे नेसवणाऱ्या हातालाच ठाऊक असे. आपल्या नऊवारीचा कासोटाही याच प्रश्नाचं उत्तर आहे: पाय मोकळे हवेत, पण कापड सुटता कामा नये.

डिसेंबर १९३५ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल अड्यारला मंचावर आल्या आणि पुढच्या वर्षी कलाक्षेत्र उभं राहिलं. त्यांनी पोशाखाचा मुद्दाम विचार केला आणि मंदिरशिल्पांकडे पाहून शिवलेले पोशाख घडवले. आज ओळखीचा असलेला पायजमा, चोळी, छातीवरून जाणारा निऱ्यांचा मेलाक्कू, मागचा पट्टा आणि पुढचा पंखा हा सुटा शिवलेला संच त्यानंतर रुळत गेला. गाठीचं काम टाक्याकडे गेलं. मात्र हाताला जे ठाऊक होतं ते टाक्याला आपोआप कळत नाही, ते मापातूनच सांगावं लागतं.

पंख्याचा हिशोब मांडून पाहिला की हे स्पष्ट होतं. साडीचा पन्ना साधारण पंचेचाळीस इंचांचा असतो. पदराकडचा भाग आडवा कापला तर पदराची जरी पंख्याच्या खालच्या कडेला येते आणि साडीचे काठ दोन्ही बाजूंना. कडा शिवणीत गेल्यावर चव्वेचाळीस इंच उरतात. त्याच्या एक-एक इंचाच्या घड्या घालून सुमारे बावीस निऱ्या होतात. त्या एकीवर एक सरकवत वरच्या बाजूला पाच इंचांत पक्क्या करतात आणि दोन्ही कडा पायजम्याला मांडीच्या आतल्या अंगाने गुडघ्यापर्यंत जोडतात. समजा, बारा वर्षांच्या मुलीच्या गुडघ्यांमधलं अंतर अरमंडीत सव्वीस इंच भरलं आणि पूर्ण मंडीत चौतीस. चव्वेचाळीस इंचांचा पंखा पूर्ण मंडीतही दहा इंच घडीतच ठेवतो, म्हणून निऱ्यांच्या रेषा पुसल्या जात नाहीत. आता उभ्या मुलीचं माप घेऊन, कापड वाचवायला, चोवीस इंचांचाच पंखा केला असं धरू. तो अरमंडीतच ताणून सपाट होईल आणि टाका गुडघ्याच्या आतल्या बाजूला उसवेल. त्याहून वाईट म्हणजे टाका उसवला नाही, तर मुलगी नकळत गुडघे आत घेईल. बैठक कच्ची असल्याचा दोष तिच्यावर येईल आणि कारण असेल कापडाचं. तपासणी सोपी आहे: मुलीला अरमंडीत बसवून समोरून पाहावं. मधली निरी दोन टाचांच्या मध्यावर आली पाहिजे, आणि खालची कड दोन्हीकडे सारखी हवी.

पायजम्याच्या आसनाला पुरेशी कळी नसेल, तर हा सगळा हिशोब वाया जातो. कारण बसताना कापड वरून ओढलं जातं. गुडघा वाकला की पायाची कडही वर सरकते. उभं असताना जी कड घोट्यावर बेताची वाटते ती अरमंडीत वर जाते, म्हणून शिंपी ती लांब ठेवतो आणि मग उभं राहिल्यावर कापड घुंगरांवर पडून नाद दबतो. उपाय म्हणजे बसून माप घ्यायचं आणि कड घुंगरांच्या वरच अरुंद संपवायची. कथ्थकमध्ये घुंगरं दोरीत ओवतात आणि ती संख्येने पुष्कळ असतात. भरतनाट्यममध्ये ती चामड्याच्या पट्टीवर ओळींत शिवलेली असतात. पट्टी घोट्याच्या हाडाच्या वर बसली पाहिजे. खाली उतरली तर सांधा अडतो, सैल असली तर पायाच्या आघातानंतरही घुंगरं वाजत राहतात आणि ताल अस्पष्ट होतो.

कमरपट्ट्याला, म्हणजे ओड्डियाणमला, लोक निव्वळ दागिना समजतात. त्याच्याखाली चोळी, मेलाक्कूचं टोक आणि पंख्याची वरची शिवण एकत्र येतात. तो त्यांना झाकतो आणि दाबून ठेवतो. कंबरेची आडवी रेषाही तोच दाखवतो, त्यामुळे धड कलल्याचं लांबून कळतं. कडक धातूचा पट्टा बाजूला झुकताना वर उचलला जातो आणि शिवण उघडी पडते. लवचीक पाठीचा पट्टा, दोन बोटं शिरतील इतका सैल आणि पायजम्याला लूपने अडकवलेला, जास्त भरवशाचा ठरतो.

या मांडणीवर एक वजनदार आक्षेप आहे. बालसरस्वती साडी नेसूनच नाचत राहिल्या आणि त्यांच्या नृत्याला शिवलेल्या पंख्याची गरज कधी भासली नाही. मग शिवणकामाची एवढी चर्चा कशाला? त्यांचं उदाहरण मला मान्य आहे, आणि ते माझ्याच बाजूचं आहे असं मी म्हणेन. त्यांची साडी नाचणाऱ्या अंगावर बसवलेली असे. जे नेसण्यात सहज साधतं, ते शिवताना माप घेऊन साधावं लागतं, एवढाच माझा आग्रह आहे. नेसवणारे हात सगळीकडे नसतात, म्हणून शिवलेला पोशाख टाकून देणंही शहाणपणाचं नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो अधिक खरा आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे भरतनाट्यम मोठ्या शहरांबाहेरही शिकलं जातं. बीड तालुक्यातल्या चौसाळ्यासारख्या गावात मात्र हाच पोशाख शिवणारा कारागीर शोधणं अवघड, आणि वाढत्या मुलीसाठी कांजीवरम कापणं परवडणारं नाही. भाड्याचा संच घ्यावा लागला तर त्यात कमीपणा नाही. पण तो वयावरून निवडू नये. गुडघ्यांमधलं अंतर, कंबर, आणि बसल्यावर कंबरेपासून घोट्यापर्यंतची लांबी, ही तीन मापं मुलीला अरमंडीत बसवून घ्यावीत आणि भाड्याने देणाऱ्याला कळवावीत. पंखा अरुंद निघाला तर ब्लाउज आणि सलवार शिवणारा गावातला शिंपीही एक दुरुस्ती करू शकतो: गुडघ्याजवळचे तीन-चार इंच टाके सोडवायचे आणि तिथे त्याच रंगाच्या कापडाची तिरकी कळी घालायची. आतल्या घडीत ती कोणाला दिसत नाही आणि गुडघे पूर्ण उघडतात.